मदत हवी आहे: लांबलेल्या ईमेलमध्ये उत्तर मुद्द्याखाली की सगळ्यात वर?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चाललंय, आर्किटेक्टशी ईमेलवर मुद्देसूद चर्चा आहे. ते आउटलुकवरून प्रत्येक मुद्द्याखाली लाल रंगात उत्तर लिहितात, पहिल्या फेरीला झकास वाटलं. पण आमचे काका लोक मोबाइलवर जीमेल बघतात, तिथे वर फक्त "खाली पाहा" दिसतं आणि खरी उत्तरं तीन टिंबांमागे दुमडलेली, मग फोन येतो की मेल रिकामा आलाय! तिसऱ्या फेरीत तर पार्किंगच्या एकाच मुद्द्याखाली चौघांचे चार रंग, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढली की कोण काय बोललं कळतच नाही.

वर लिहून पाहिलं, पण "हो चालेल" नेमकं कशाला ते शोधत बसावं लागतं. व्हॉट्सॲप, गूगल डॉक सुचवू नका, रेकॉर्ड मेलवरच हवंय.

आता मुद्द्याखालीच लिहून नावाची आद्याक्षरं टाकू आणि मिटलेले मुद्दे उडवू, की मुद्दा क्रमांक देऊन सगळं वर लिहू? पाच-सहा फेऱ्यांनंतरही काय टिकतं?