मदत हवी: ४० हर्ट्झवर पाणी ८० टक्के यायला हवं होतं, निम्मंही येत नाही

केळीवाला_यावल

राम राम मंडळी. यावल तालुक्यात विहिरीवर १० एचपीचा मोनोब्लॉक आहे, पाणी वरच्या शेततळ्यात टाकतो. पंप जोरात ओढतो आणि दुपारी दोनच्या सुमारास विहीर फुटव्हॉलपर्यंत खाली येते. मग पंप हवा धरतो आणि पुन्हा पाणी भरून प्राइम करत बसावं लागतं. म्हणून शालकाकडचा जुना व्हीएफडी, म्हणजे हर्ट्झ बदलून मोटरचे फेरे कमी करणारा ड्राइव्ह, आणून लावला. ज्याने जोडून दिला तो म्हणाला, ५० चे ४० हर्ट्झ करा. पाणी ८० टक्के, उंची ६४ टक्के आणि वीज निम्मी. नियमच आहे म्हणे.

तळ्यावर २०० लिटरचा ड्रम धरून मोजलं. ५० ला १७ सेकंदांत भरायचा, ४० ला ३७ सेकंद लागले. ड्राइव्हच्या स्क्रीनवर ५० ला ७.७ किलोवॅट दिसायचं, आता ३.३ दिसतं. वीज निम्म्याहून कमी झाली हे खरं, पण पाणीही निम्म्याखाली गेलं. ड्राइव्ह खराब आहे का पंप?

गिरणाकाठ

मना बी असंच व्हयनं भाऊ, फक्त उलटं. माझा पंप पट्ट्यावर आहे, डिझेल इंजिनवर. गेल्या साली पुली बदलून १५०० चे १८०० फेरे केले. पाणी वाढलं, पण इंजिन काळा धूर टाकायला लागलं आणि तासाभरात तापलं. फेरे तर सव्वापटही केले नव्हते.

डिप्लोमा_मेक

नियम बरोबरच आहे. पाणी वेगाच्या प्रमाणात, हेड म्हणजे पाणी चढवायची उंची वर्गाच्या, पॉवर घनाच्या प्रमाणात. ०.८ चा घन ०.५१२. म्हणजे तुमचा ड्राइव्ह चुकीचं दाखवतोय किंवा पाईपलाईन गळतेय. आणि इम्पेलर, म्हणजे पंपातला पंखा, लहान केला तर पाणी व्यासाच्या घनाने कमी होतं, ते तर आणखी वाईट.

@गिरणाकाठ, १.२ चा घन १.७३. इंजिनवर पाऊणपट जास्त भार आला, धूर येणारच.

आबा_रिवाइंडिंग

मोटर बघा आधी. वाइंडिंग कमजोर असेल तर स्लिप वाढते. बोअरचं पाणी किती फुटांवर आहे?

केळीवाला_यावल

आबा, बोअर नाही, विहीर आहे. मोटर चार महिन्यांपूर्वीच भरलीय.

फुटव्हॉल

भाऊ, ड्राइव्हही ठीक असेल आणि पंपही. दोन गोष्टी मोजून सांगा. विहिरीतल्या पाण्यापासून तळ्यात पाईपचं तोंड जिथे आहे तिथपर्यंत सरळ उंची किती? आणि ५० हर्ट्झवर, पंप चालू असताना डिलिव्हरीच्या गेजला किती किलो, आणि व्हॉल्व्ह दहा सेकंद पूर्ण बंद केल्यावर किती? दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आतलं पाणी तापतं.

केळीवाला_यावल

सरळ उंची २४ मीटर, पुतण्याने लेव्हल ट्यूबने काढली. त्यातले ५ मीटर पाण्यापासून पंपापर्यंत. गेज चालू असताना ३.१, बंद केल्यावर ३.९ किलो.

फुटव्हॉल

झकास. एक किलो म्हणजे सुमारे १० मीटर, त्यात सक्शनचे ५ मीटर मिळवा. म्हणजे चालताना हेड ३६ आणि बंद व्हॉल्व्हला ४४ मीटर. ड्रमच्या हिशोबाने पाणी सेकंदाला सुमारे १२ लिटर. ३६ मधले २४ नुसती उंची आणि उरलेले १२ पाईपचं घर्षण.

आता त्या माणसाचा हिशोब घ्या. ३६ चे ६४ टक्के म्हणजे २३ मीटर. पण तुमचं तळंच २४ मीटर वर आहे! २३ मीटरने पाणी तिथे पोचणारच नाही, मग ८० टक्के पाणी येईल कुठून?

पंपाचा वक्र म्हणजे किती पाण्याला किती हेड मिळतं त्याची रेषा. फेरे कमी केले की त्या वक्रावरचा प्रत्येक बिंदू त्या नियमाने सरकतो, इतकंच तो नियम सांगतो. सरकलेल्या वक्रावर आपण नेमके कुठे उभे राहू ते पाईपलाईन ठरवते. घर्षण पाण्यासोबत कमी होतं. २४ मीटर उंची मात्र हर्ट्झ बघून खाली येत नाही. नुसत्या घर्षणाची लाईन असती, वर चढणच नसती, तर ८०-६४-५१ हिशोब बरोबर आला असता.

४० हर्ट्झला बंद व्हॉल्व्हचं हेड ४४ गुणिले ०.६४ म्हणजे २८.१६ मीटर. त्यातून २४ गेले, उरले ४.१६. एवढ्यात पंपाची आतली घट आणि पाईपचं घर्षण दोन्ही भागवायचं. १२ लिटरला पंप ४४ वरून ३६ वर येतो म्हणजे घट ८, आणि घर्षण १२, मिळून २०. दोन्ही पाण्याच्या वर्गाने बदलतात असं धरलं तर:

```
Q = 12 × √(4.16 / 20) = 5.5 लिटर/सेकंद
```

तुमचा ड्रम ३७ सेकंदांचा, म्हणजे ५.४. जुळलं. आणखी खाली जाऊ नका. ३७ हर्ट्झला बंद व्हॉल्व्हचं हेडच २४ वर येतं. मग पंप नुसता घुसळत बसेल आणि तळ्यावर थेंब येणार नाही.

वीजही हजार लिटरमागे बघा. ५० ला ०.१८ युनिट, ४० ला ०.१७. काय वाचलं?

डिप्लोमा_मेक

सर, स्टॅटिक हेड विसरलो. पण व्यासाचा घन आमच्या पुस्तकात आहे.

फुटव्हॉल

तो आहे, पण अख्खा पंप त्याच प्रमाणात लहानमोठा केला तरचा, केसिंगसकट. आपण त्याच केसिंगमध्ये नुसता काठ कापतो, तिथे साधारण पाणी व्यासाच्या, हेड वर्गाच्या, पॉवर घनाच्या प्रमाणात धरतात. पाण्याचा घात एकच का दोन, यावरही लोक भांडतात.

केळीवाला_यावल

मला १२ ऐवजी साडेनऊ लिटर हवंय. मग किती हर्ट्झ? आणि लेथवाला म्हणतो ड्राइव्ह काढून टाक, पंखा १८० मिमीचा आहे, १५ मिमी कापून देतो.

फुटव्हॉल

९.६ लिटरला घर्षण ७.७ आणि पंपाची घट ५.१. त्यात २४ मिळवले की ३६.८. ते ४४ ने भागून वर्गमूळ काढलं तर ०.९१५, म्हणजे पावणेशेचाळीस हर्ट्झ.

पंख्याचं गणितही तेच, १८० चे १६५, म्हणून लेथवाल्याचे १५ मिमी हवेतले नाहीत. पण एका दमात कापू नका. कापल्यावर कामगिरी बहुतेक वेळा हिशोबापेक्षा जास्त पडते, कारण पंख्याचा काठ आणि केसिंग यांच्यातली फट वाढते आणि पात्याच्या टोकाचा कोनही बदलतो. आधी १० मिमी काढा, बॅलन्स करून घ्या, ड्रम धरा, मग पुढचं. मूळ व्यासाच्या ८० टक्क्यांखाली तर जाऊच नका.

आबा_रिवाइंडिंग

मी कापण्याच्या बाजूने. आपल्याकडचं व्होल्टेज बघता ड्राइव्ह किती दिवस टिकतो?

फुटव्हॉल

आबा, पावसाळ्यात विहीर भरली की त्याला पुन्हा १२ लिटर हवे असतील. कापलेला पंखा वाढत नाही.

गिरणाकाठ

म्हणजे माझं पाणी फेऱ्यांपेक्षा जास्त वाढलं होतं ते याच्यामुळे का? मला वाटलं ड्रमच चुकला.

फुटव्हॉल

हो, चढ असेल तर वाढवतानाही तसंच होतं. आणि मग भारही १.७३ पटीवर थांबत नाही, कारण तुम्ही वक्रावर उजवीकडे सरकता. जुनी पुली आहे ना अजून?

केळीवाला_यावल

आज ४५.७ वर ठेवला. सकाळी सातला ड्रम २१ सेकंदांत भरला, स्क्रीनवर ५.५ किलोवॅट. अकराला पुन्हा धरला तर २२. तोवर विहीर मीटरभर उतरली होती.

पण पंपाने हवा धरलीच, दोनऐवजी तीनला.

फुटव्हॉल

मीटरभर उतरली म्हणजे उंची २५. हिशोबाने ९.२ लिटर येतात, ड्रम २२ सेकंदच. आता विहिरीला तासाला किती पाणी येतं ते काढा. पंप बंद करून दोरीला खूण बांधा, तासाभरात पाणी किती चढलं ते बघा, आणि विहिरीचा व्यास सांगा.

केळीवाला_यावल

व्यास २० फूट. उद्या दोरी सोडतो.