'जावक परत' की 'खरेदी परत'? न जुळलेल्या तेरजेवरून पडलेला प्रश्न

सराव-अनुवादक : अकरावीच्या पुस्तपालनाच्या सराव प्रश्नपत्रिकांचे मी मराठीकरण करते. 'रिटर्न्स आउटवर्ड'साठी मी 'जावक परत' असा शब्द योजला होता. एका विद्यार्थ्याने हाताने सोडवलेला पेपर काल तपासला, तेव्हा त्याच्या रोजकीर्दीत नोंद अचूक होती : धनकोचे खाते नावे २,४००, जावक परत खाते जमा २,४००. तेरीज पत्रकात मात्र तेच खाते त्याने खरेदीखाली, नावे बाजूला मांडले आहे. विचारल्यावर तो म्हणाला, "परत म्हणजे आलेले ना? मग ते जावक कसे?" नावे बाजूची बेरीज १,३४,७०० आणि जमा बाजूची १,२९,००० आली आहे. चूक माझ्या शब्दाची मानावी काय?

आकडेमोड : शब्दाकडे वळण्याआधी फरक पाहा. तो ५,७०० आहे. रक्कम उलट्या बाजूला गेली असेल तर फरक तिच्या दुप्पट असतो, म्हणून निम्मे करून २,८५० शोधावेत. अंकांची अदलाबदल झाली असेल तर फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो.

सराव-अनुवादक : २,८५० ही रक्कम कोठेही नाही आणि ५,७०० ला ९ ने पूर्ण भाग जात नाही.

दुकानदाराचा नातू : माझ्या आजोबांच्या देशी वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असे. मुलाच्या घरी तशी वही असेल तर त्याला दोष देता येणार नाही. 'जावक परत' हा शब्दही मला तेथूनच आलेला वाटतो.

निवृत्त लेखापाल : देशी पद्धतीच्या बाजूंविषयी आपण म्हणता ते खरे आहे, परंतु मुलाने बाजूंचा गोंधळ केला असता तर सर्वच खाती उलटली असती, येथे एकच उलटले आहे. आकडेमोड यांचे दोन्ही नियमही खरे आहेत, पण ते चूक एकच असेल तेव्हाच उपयोगी पडतात. दोन चुका एकत्र आल्या की फरक कोणाचाच राहत नाही. म्हणून अशा वेळी फरकाकडे न पाहता प्रत्येक खात्याची बाजू आधी तपासावी. परत दिलेला माल खरेदीतून वजा होतो, त्यामुळे त्याची शिल्लक जमाच असते. ते २,४०० पलीकडे नेले की नावे बाजू १,३२,३०० आणि जमा बाजू १,३१,४०० होईल. उरलेल्या ९०० ला ९ ने पूर्ण भाग जातो, आणि त्यावरून हजार व शतक या स्थानांतील, एकाने कमी-अधिक असलेले दोन अंक परस्परांच्या जागी गेल्याचा संशय घेता येतो. खतावणी उघडा आणि नावे बाजूच्या रकमा रोजकीर्दीशी ताडून पाहा.

सराव-अनुवादक : सापडले. रोजकीर्दीत पगार ५,६०० आहे आणि रोख खात्यातही तितकाच जमा आहे, परंतु पगार खात्यात खतावताना ६,५०० झाला आहे. आता दोन्ही बाजू १,३१,४०० वर जुळतात. माझा मूळ प्रश्न मात्र तसाच उरला आहे.

शुद्धलेखनप्रेमी : त्याचे उत्तर सोपे आहे : 'खरेदी परत' लिहावे. त्याहून मोठा प्रश्न असा की 'तेरीज' हा परका शब्द आपण का चालवतो? 'शेषपत्रक' म्हणावे. 'तेरीज' हा 'तारीख'चाच अपभ्रंश असावा, असे मला वाटते.

निवृत्त लेखापाल : 'तारीख'शी संबंध मला पटत नाही. पेशवेकालीन कागदांत 'तेरीज' म्हणजे हिशेबाचा गोषवारा, आणि खात्यांच्या शिलकांची यादी हेच या पत्रकाचे स्वरूप आहे. 'रोजकीर्द' फारसी वळणाची आहे. ती काढाल तर 'जमा'ही काढावी लागेल. मराठी हिशेबाने जे शब्द पचवले आहेत, ते मराठीच आहेत.

शुद्धलेखनप्रेमी : विद्यार्थ्याला शब्दावरून अर्थ कळला पाहिजे. 'तेरीज' ऐकून काय कळते?

निवृत्त लेखापाल : 'खरेदी परत' ऐकून तरी काय कळते? त्यातला 'खरेदी' हा शब्दच मुलाला नावे बाजूकडे ओढतो. त्यापेक्षा 'जावक'मध्ये माल आपल्याकडून बाहेर चालल्याची दिशा दिसते. मला 'जावक परत'च ठेवावासा वाटतो.

आकडेमोड : मला उलट वाटते. त्या मुलाने 'जावक' वाचूनच चूक केली आहे, हे आपण विसरत आहोत.

सराव-अनुवादक : मग प्रश्नपत्रिकेत 'धनकोला परत केलेला माल' असे सरळ लिहिले तर? लांबते खरे, पण कोणी कोणाला परत केले हे तरी दिसते. आणखी एक विचारायचे आहे : याच पेपरात दुकानासाठी घेतलेले कपाट मुलाने 'खरेदी खाते नावे' असे लिहिले आहे, तरीही पत्रक जुळले.

निवृत्त लेखापाल : जुळणारच, कारण रक्कम योग्य बाजूला गेली आहे, फक्त खाते चुकले आहे, ते फर्निचर खाते हवे होते. ही चूक बेरजेतून कधीच सापडणार नाही. त्याचे गुण बेरीज पाहून नव्हे, तर रोजकीर्द वाचूनच कापा.