मदत हवी आहे: बारावीचा निकाल बाबांना कसा सांगू?

बारावी सायन्सला फिजिक्समध्ये नापास झालोय. निकाल लागून 3 दिवस झाले. बाबांना "साइट चालत नाहीये" असं सांगून ठेवलंय आणि ते रोज कामावरून आल्यावर चप्पल काढता काढताच विचारतात, "लागला का रे?" तेवढ्यानेच छातीत धडधडतं, हात गार पडतात. त्यांनी पेढ्यांची ऑर्डरसुद्धा सांगून ठेवली होती.

उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज केलाय, कारण त्याशिवाय पुनर्मूल्यांकन मागता येत नाही. पुरवणी परीक्षेचा फॉर्म कॉलेजमधून भरायचाय, पण फी घरूनच मागावी लागेल. म्हणजे लपवणं आता शक्यच नाही. रात्री फारच घाबरलो तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर, फोन केला. आधी घरातल्या एकाला सांग, असं फोनवरच्या समुपदेशक म्हणाल्या. ताईला सांगितलंय, रात्री ती सोबत असते. जिवाचं काही बरंवाईट करणार नाही, काळजी नसावी.

बाबा मारत नाहीत, पण आठवडाभर बोलणं टाकतात. आईला आधी सांगितलं तर "माझ्यापासून लपवलं" म्हणून आणखी चिडतील.

तुमच्यापैकी कोणी असा निकाल घरी सांगितलाय का? ताईला सोबत घेऊन बसू की एकट्यानेच सांगू, आणि पहिलं वाक्य काय बोललात?