आधी उभं राहायला शिकवा

"मुलगी १९ वर्षांची आहे, पोहायला शिकतेय, कडेला धरून पाय मारते, पण पाय तळावरून उचलले की घाबरते. काय करू?"

वरच्या उत्तरात कोणीतरी तिला सरळ खोल पाण्यात ढकलायचा सल्ला दिलाय, तो प्लीज नका ऐकू. माझ्या भाचीला लहानपणी एकाने असंच ढकललं होतं, त्यानंतर ती थेट कॉलेजात असताना पुण्यात आमच्याकडे राहायला आली तेव्हा टँकमध्ये उतरली. तिची भीती बुडण्याची नव्हतीच, आडवं झाल्यावर परत उभं कसं राहायचं हे तिला माहीत नव्हतं, आणि हे कोणी शिकवतच नाही!

कोचबाईंनी पहिला आठवडा फक्त कमरेएवढ्या पाण्यात, कडेचा पाइप धरून तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला लावले. ती श्वास कोंडून ठेवायची, मग वर आल्यावर तो एकदम सोडून नवा घ्यायला वेळच पुरायचा नाही आणि धाप लागायची. पाण्यातच नाकातोंडाने हळूहळू सोडला की वर फक्त घ्यायचा उरतो. मग पालथं तरंगणं, आणि लगेच उभं राहणं: गुडघे पोटाशी घ्यायचे, पसरलेले हात खाली दाबायचे, पाय आपोआप खाली येतात, ते टेकले की मगच डोकं वर. ती आधी डोकं उचलायची, त्याने पाय मागेच राहायचे आणि नाकात पाणी जायचं. बाईंचा हात आधी पोटाखाली, मग नुसता बोटांना, मग नाहीच. हे अंगवळणी पडायला तिला तीन आठवडे लागले, आणि त्यानंतर पाइप तिने स्वतःहून सोडला.