माल निघाल्यावर ऑर्डर रद्द: कपात क्रेडिट नोटमध्येच की वेगळं बिल?

भोसरी_ट्रेडर: गाडी निघाल्यावर पार्टीने ऑर्डर रद्द केली, तर १० टक्के कापून उरलेल्याची क्रेडिट नोट द्यायची. रिस्टॉकिंगचं वेगळं बिल म्हणजे नसती डोकेदुखी. सगळे असंच करतात.

रोजमेळ: सगळे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. पुण्याहून कोल्हापूरला पंप गेले, ८०,००० आणि त्यावर १८ टक्क्यांनी १४,४००, बिल ९४,४००चं. तुम्ही क्रेडिट नोट दिलीत ७२,००० अधिक कराची. माल सगळा गोदामात परत आला, तरी विक्रीत ८,००० तसेच पडून आहेत, पंपाच्या एचएसएनखाली आणि नग शून्य. पार्टीकडेही न मिळालेल्या मालाचं ८,०००चं बिल उरतं, त्यावर तो क्रेडिट कुठल्या तोंडाने घेणार?

मूळ बिलाचा नंबर टाकून पूर्ण ९४,४००ची क्रेडिट नोट काढा. मग रिस्टॉकिंग ८,००० आणि परतीचं भाडं ३,००० यांचं वेगळं बिल करा. ११,०००वर कर १,९८०, एकूण १२,९८०. सगळे पैसे आगाऊ आले असतील तर ८१,४२० परत द्यायचे.

कोथरूड७२: ऑनलाइन कंपन्या तर सर्रास असे पैसे कापतात! २०२०चे ई-कॉमर्स नियम वाचा. स्वतः ऑर्डर रद्द केल्यावर कंपनी तेवढाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकाकडून घेता येत नाही.

रोजमेळ: नियम बरोबर आहे, पण इथे दोन व्यापाऱ्यांचा व्यवहार चाललाय.

भोसरी_ट्रेडर: मग ई-इनव्हॉइसच रद्द करतो, २४ तास असतात.

रोजमेळ: आणि रस्त्यावरची गाडी कुठल्या कागदावर चालणार? माल निघाला की क्रेडिट नोटच.

चाकण_अकाउंट्स: कराचं चुकतंय. ही नुकसानभरपाई आहे. ३ ऑगस्ट २०२२च्या १७८ नंबरच्या परिपत्रकानुसार करारभंगाच्या भरपाईवर जीएसटी नाही. १,९८० कशाचे?

रोजमेळ: अर्धंच वाचलंत. रद्द करण्याची मुभा देऊन घेतलेल्या शुल्कावर कर आहे, असंही त्यातच म्हटलंय. पीओमध्ये 'डिस्पॅचनंतर रद्द केल्यास १० टक्के' असं लिहिलं असेल, तर ती मुभाच झाली. शिवाय खोकी उघडून तपासणं, पुन्हा पॅक करणं हे कामही तुम्ही करता.

चाकण_अकाउंट्स: मुभेचं मान्य, नाइलाजाने. पण दर? परिपत्रक मूळ पुरवठ्याचा दर लावायला सांगतं. ५ टक्क्यांच्या मालाला ५ का १८?

रोजमेळ: त्यातली उदाहरणं तिकीट आणि हॉटेलची, मालाचं एकही नाही. मूळ दराची बाजू मला पटते, पण अधिकारी १८ मागू शकतो. पंपाला दोन्हीकडून १८च येतात, म्हणून इथे वाद नाही.

खरेदी_विभाग: कराचं राहू द्या, १० टक्के आले कुठून? सील न फोडलेल्या खोक्याला ८,००० ही लूट आहे! करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी तेवढंच मिळतं.

भोसरी_ट्रेडर: वेगळं बिल काढतो, ठीक आहे. पण हमाली, अडकलेलं भांडवल आणि हातचं गेलेलं दुसरं गिऱ्हाईक धरा. १० टक्क्यांत एक पैसा कमी करणार नाही.

खरेदी_विभाग: मग हमालीच्या पावत्या बिलासोबत जोडा. त्याशिवाय आमच्याकडून ते पास होणार नाही.