मदत हवी आहे: रायझन ५ ५६०० सोबत आलेला कूलर अकोल्याच्या उन्हाळ्यात तीन तासांच्या खेळाला पुरेल का?

मोर्णाकाठ:
नमस्कार. जानेवारीत मी पहिल्यांदाच स्वतः सुटे भाग आणून संगणक जुळवला. प्रोसेसर रायझन ५ ५६००, त्याच्याच खोक्यातून आलेला रेथ स्टेल्थ कूलर, बी५५० मदरबोर्ड आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड अशी मांडणी आहे. पैसे संपत आले तेव्हा काटछाट कॅबिनेटमध्ये झाली. त्याची पुढची बाजू अखंड काचेची असून हवा आत येण्यासाठी काचेच्या दोन्ही कडांना जेमतेम बोट शिरेल एवढी फट आहे, आणि पंखा म्हणाल तर मागे एकच, १२० मिलिमीटरचा, हवा बाहेर टाकणारा.

गेल्या रविवारी अडीच तास सलग सायबरपंक २०७७ खेळलो आणि मागे HWiNFO मध्ये नोंद चालू ठेवली. खोलीतला तापमापक २९ अंश दाखवत होता. पहिल्या दहा मिनिटांत प्रोसेसर ७२ अंशांवर होता, पण पाऊण तासानंतर तो ८० वर जाऊन स्थिरावला आणि मधूनमधून ८४ ला शिवून आला. खेळ कुठेही अडखळला नाही. माझी चिंता मे महिन्याची आहे, कारण आमच्याकडे बाहेर ४४ अंश असताना माळ्याखालच्या या खोलीत ३८ सहज असतात. दुकानदाराच्या मते टॉवर कूलर घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. तो खर्च खरोखर अटळ आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

सागरवारा:
आपण उगाच काळजी करत आहात. हा प्रोसेसर ६५ वॉटचा आहे आणि कूलर कंपनीनेच त्याच्या जोडीला दिलेला आहे, म्हणजे तो पुरेल हे गृहीतच आहे. कमाल मर्यादा ९० अंशांची असल्यामुळे ८० म्हणजे अगदी सुरक्षित.

तांबडीतार:
सागरवारा यांचा निष्कर्ष बराचसा बरोबर आहे, पण त्यामागचे कारण तसे नाही. खोक्यावरचे ६५ वॉट हा प्रोसेसर प्रत्यक्षात किती वीज खातो त्याचा आकडा नव्हे. ५६०० ला मूळ मांडणीत ७६ वॉटपर्यंत जायची मुभा असते, आणि काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ही मर्यादा आपोआप वाढवणारा पर्याय चालू स्थितीतच येतो. त्यामुळे मोर्णाकाठ, HWiNFO मधली `CPU PPT` ही वीजवापराची ओळ खेळताना किती होती आणि सिनेबेंच ही चाचणी दहा मिनिटे चालवल्यावर किती होते, हे आधी सांगा.

दुसरे म्हणजे तुमच्या नोंदीतली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट ८० हा आकडा नसून ७२ वरून ८० पर्यंत जायला लागलेला पाऊण तास आहे. रेथ स्टेल्थ म्हणजे ॲल्युमिनियमचा लहानसा ठोकळा आहे. तो जितका तापायचा तितका काही मिनिटांतच तापून मोकळा होतो. त्यानंतरही पारा हळूहळू चढत राहिला, तर ठोकळ्याला मिळणारी हवाच तापत चालली आहे असे समजावे. ती हवा एक तर खोलीची असते, नाही तर कॅबिनेटमध्ये कोंडलेली. खेळाच्या सुरुवातीला आणि शेवटी खोलीचे तापमान वेगवेगळे होते का?

निशाचर:
माझ्या लॅपटॉपचेही असेच होते. खेळ सुरू केला की पाच मिनिटांत ९५ अंश होतात आणि कळफलकाला हात लावता येत नाही. मी खाली दोन पंख्यांचे स्टँड घेतले, पण दोन-तीन अंशांपलीकडे फरक पडला नाही. लॅपटॉपमधली पेस्ट बदलून उपयोग होईल का?

तांबडीतार:
निशाचर, लॅपटॉपचे गणित निराळे आहे, कारण तिथे एकाच नळीवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांचा भार असतो. कृपया वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

मोर्णाकाठ:
तांबडीतार, आपण सांगितल्याप्रमाणे तपासले. खेळताना `CPU PPT` सरासरी ५८ वॉट होते आणि सिनेबेंचमध्ये ते बरोबर ७६ वर जाऊन थांबले. सिनेबेंच चालू असताना मात्र पारा ८८ ला पोहोचला, ते पाहून छातीत धस्स झाले. खोली सुरुवातीला २८ आणि शेवटी २९ होती.

तांबडीतार:
७६ वर थांबले, म्हणजे बायोसने परस्पर काही वाढवलेले नाही. सिनेबेंचचे ८८ तूर्त विसरून जा. तो सगळे गाभे एकदम पूर्ण राबवतो, तसे खेळात क्वचितच घडते. खोली एकाच अंशाने तापली असेल, तर उरलेली सगळी वाढ कॅबिनेटच्या आतली आहे. तुमच्या कार्डाची मर्यादा १३२ वॉटची आहे आणि त्याचे पंखे गरम हवा बाहेर न टाकता कॅबिनेटमध्येच सोडतात. त्याच्या बरोब्बर वर बसलेला तुमचा कूलर तीच हवा ओढून प्रोसेसरवर फुंकतो.

आता मे महिन्याचा अंदाज. भार तोच आणि पंखा पूर्ण वेगाने फिरत असेल, तर प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातला फरक जवळपास कायम राहतो. तुमच्याकडे तो ८० वजा २९, म्हणजे ५१ आहे. खोली ३८ झाली की प्रोसेसर ८९ वर जाईल आणि मधल्या उसळ्या ९० च्या मर्यादेला धडकतील. तेव्हा संगणक बंद पडणार नाही. प्रोसेसर स्वतःचा वेग थोडा कमी करून मर्यादेतच राहील. तसे झाले तर HWiNFO मध्ये `Thermal Throttling` च्या ओळींपुढे `Yes` उमटेल. तेव्हा दुकानदार खोटे बोलत नाही, पण औषध नेमके कोणत्या दुखण्यावर द्यायचे ते ठरायचे आहे. त्यासाठी एक फुकटची चाचणी करा: कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून तोच खेळ, त्याच मांडणीत, तासभर खेळा. पारा एक-दोन अंशच उतरला तर कूलर कमी पडतो आहे. सात-आठ उतरला तर कॅबिनेट गुदमरते आहे.

घाटावरचा:
माझे मत वेगळे आहे. एवढे प्रयोग करण्यापेक्षा एक साधा टॉवर कूलर लावून मोकळे व्हावे. तोच पुढचा प्रोसेसर घेतानाही उपयोगी पडतो. ५७००एक्स थ्रीडीसारखे प्रोसेसर तर कूलरविनाच येतात. मात्र जुना कूलर काढताना माझी जी फजिती झाली ती सांगून ठेवतो. थंड संगणकाचा कूलर मी सरळ वर ओढला आणि वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर आला. एका कोपऱ्यातल्या दोन टाचण्या वाकल्या होत्या. त्या सुरीच्या पात्याने सरळ करताना घाम फुटला. आधी अर्धा तास खेळ चालवून पेस्ट मऊ करावी, संगणक बंद करून वायर काढावी, चारही स्क्रू आळीपाळीने सैल करावेत आणि कूलर उचलण्याआधी हलकेच डावीउजवीकडे फिरवावा.

मोर्णाकाठ:
पट्टी काढून तासभर खेळलो. खोली २९, `CPU PPT` तेच, आणि प्रोसेसर ७२ वर स्थिर! म्हणजे आठ अंशांचा दोष कॅबिनेटचा ठरला.

त्यावर लगेच बाजारातून १२० मिलिमीटरचा एक पंखा आणून पुढे खालच्या बाजूला लावला, पट्टी परत बसवली, तर पारा ८१! आधीपेक्षा एक अंश जास्तच. पंखा फिरताना दिसतो आहे. मग चूक कुठे झाली असावी?

तांबडीतार:
पंख्याची कोणती बाजू काचेकडे आहे? ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चार काड्या आणि लेबल असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू आतल्या दिशेला हवी. खात्री करायची असेल तर उदबत्ती लावून काचेच्या फटीजवळ धरा.

मोर्णाकाठ:
उदबत्तीने सोक्षमोक्ष लागला. धूर फटीतून आत जाण्याऐवजी बाहेर ढकलला जात होता. लेबलाची बाजू काचेकडे न ठेवता आत ठेवायला हवी होती, हे मला सुचलेच नाही. उलट त्या बाजूचे दिवे बाहेरून दिसावेत म्हणून मी मुद्दाम तसे केले होते. दोन पंखे मिळून हवा बाहेर ओढत होते आणि आत यायला वाट उरली नव्हती. पंखा फिरवून बसवला आणि दोन तास खेळलो. खोली २९, प्रोसेसर ७४.

तांबडीतार:
छान. म्हणजे फरक ५१ वरून ४५ वर आला. ३८ अंशांच्या खोलीत तो ८३ होईल, वरच्या उसळ्या धरल्या तरी मर्यादेच्या आत. माझ्या मते टॉवर कूलरची आज गरज नाही.

वैनगंगा:
आपण सगळे ३८ धरून चालला आहात, पण विदर्भात मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत बसून कोण खेळतो? कूलर लावला की खोली ३१-३२ वर येते.

तांबडीतार:
वैनगंगा, क्षमस्व, कूलर तर लावलेलाच आहे. तो लावूनच आपण तापमान मोजतो आहोत.

वैनगंगा:
मी खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरबद्दल बोलते आहे!

तांबडीतार:
मी मुंबईचा, त्यामुळे ती वस्तू डोक्यातच आली नाही. आपले म्हणणे अगदी योग्य आहे, कोरड्या हवेत तो खोलीचा पारा खरोखर उतरवतो आणि तेवढेच अंश प्रोसेसरचेही उतरतात. दमट हवेमुळे आत पाणी साचेल अशी भीती नको, कारण चालू संगणकातले भाग खोलीपेक्षा गरमच असतात. फक्त कूलरचा झोत थेट काचेच्या फटीवर येऊ देऊ नका. त्यातून कधीकधी बारीक तुषार उडतात.

वैनगंगा:
आणि फटीला बारीक जाळी लावा. कापसाच्या दिवसांत तंतू घरात येतात. माझ्या संगणकातल्या कूलरच्या पात्यांमध्ये दिवाळीनंतर वाती वळता येतील एवढा कापूस निघाला होता आणि तोवर पारा सहा अंशांनी वर गेलेला होता.

घाटावरचा:
आवाजाचे काय? तो छोटा पंखा सतत पूर्ण वेगाने फिरणार. मी तरी ते सहन करू शकलो नाही. टॉवर कूलरचा माझा आग्रह त्यासाठीही आहे.

तांबडीतार:
आवाजाबाबत आपण बरोबर आहात, त्यावर या कूलरकडे उत्तर नाही. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने बोलते: तो हवा खाली फुंकतो, त्यामुळे मदरबोर्डवरचे वीज पुरवणारे भागही थंड राहतात. मोर्णाकाठ, तुमचा पडदा किती हर्ट्झचा आहे?

मोर्णाकाठ:
७५ चा. खेळ ८५ ते ९० फ्रेमपर्यंत जातो.

तांबडीतार:
मग ७५ वर बांधून पाहा. पडद्यावर न दिसणाऱ्या फ्रेमांसाठी प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही राबत आहेत.

मोर्णाकाठ:
बांधून पाहिले. `CPU PPT` ५८ वरून ५१ वर आले आणि पारा ७४ वरून ६९ वर. पंख्याची घरघरही कमी झाली, पण मित्रांबरोबरच्या नेमबाजीच्या खेळात मला बांधलेल्या फ्रेम जड वाटतात, म्हणून तिथे ते तसेच मोकळे ठेवणार आहे. टॉवर कूलरचे पैसे सध्या खिशात ठेवतो. मे महिन्यात वाळ्याचा कूलर बंद ठेवून एकदा तीन तासांची नोंद घेईन आणि `Yes` उमटले की नाही ते इथेच लिहीन.

घाटावरचा:
उमटले तर फोन करा, माझ्याकडे एक जुना टॉवर कूलर पडून आहे. पण आधी कॅबिनेटची रुंदी मोजून ठेवा, बाजूची पट्टी त्यावर बसेलच असे नाही.