मदत हवी आहे: चेहरा मास्कच्या बाहेर ठेवूनही बदलतोय

खटपट्या
माझाच एक फोटो आहे, एआयकडून त्यातला चौकड्यांचा शर्ट काढून गडद कोट घालायचाय आणि मागची भिंत बदलायचीये, बास. चेहरा आहे तस्साच हवा. मास्क फक्त कपड्यांवर आणि भिंतीवर रंगवलाय, चेहऱ्याला बोटही लावलेलं नाही, तरी दर वेळी चेहरा थोडासा वेगळा येतो. एकदम दुसरा माणूस नाही हो, पण पापण्या पुसल्यासारख्या, ओठ जरा गुळगुळीत. आई म्हणाली हा तुझा चुलतभाऊ वाटतो. दोन रात्री गेल्या यात, कोणीतरी पटकन सांगा काय चुकतंय.

निवांत_पक्षी
डीनॉइज कमी करा. 0.4 वर आणा, चेहरा हलणार नाही. मी नेहमी असंच करतो.

खटपट्या
0.4 वर शर्टाच्या चौकड्या जात नाहीत, कोटावरसुद्धा चौकड्या येतात. आणि चेहरा तरीही बदलतो, ते पण करून झालंय.

रानवारा
कशात करताय ते सांगाल का? टूल कुठलं, मॉडेल कुठलं, फोटो केवढा, काहीच लिहिलेलं नाही.

खटपट्या
कम्फीयूआय, अजून कशात करणार. स्टेबल डिफ्यूजन 1.5 चं इनपेंटिंग मॉडेल. वर्कफ्लो साधाच आहे, सगळे वापरतात तोच.

मधुरा_म
चेहरा बदलायचाच असेल तर मास्क कशाला, चेहरा चिकटवणारं वेगळं एक्स्टेन्शन मिळतं. माझ्या ग्रुप फोटोत तिघांचे डोळे मिटले होते, त्यात मी तेच वापरलं, छान झालं.

रानवारा
मधुराताई, त्यांना चेहरा बदलायचा नाहीये, बदलतोय म्हणून तर ते ओरडताहेत :)

जुना_खडू
खटपट्या, एक सांग, सेव्हच्या नोडला काय जोडलंयस? VAE Decode मधून निघालेलं चित्र थेट सेव्ह होतंय का?

खटपट्या
हो मग, अजून काय जोडणार?

जुना_खडू
तिथेच आहे गोम. मास्कमुळे सॅम्पलर चेहऱ्याला हात लावत नाही हे खरं, पण त्याआधी पूर्ण फोटो व्हीएईमधून आत जातो आणि शेवटी पूर्ण फोटोच बाहेर येतो. आत जाताना 8 गुणिले 8 पिक्सेलच्या चौकोनाचा एक ठिपका होतो, आणि 1.5 मध्ये त्या ठिपक्यात फक्त चार आकडे असतात. पापणीचा केस त्यात कुठून मावणार? बाहेर येताना व्हीएई अंदाजाने पापणी काढते. म्हणजे तुझा चेहरा नव्याने रंगवला जात नाहीये, घडी घालून परत उलगडला जातोय, आणि त्या सुरकुत्या तुला दिसताहेत.

पटत नसेल तर सॅम्पलर काढून टाक. VAE Encode ची तार थेट VAE Decode ला जोड आणि काय येतं बघ.

निवांत_पक्षी
एवढं सगळं करण्यापेक्षा फोटो 512 रुंदीचा करा ना, 1.5 ला तीच सवय आहे, मोठ्या फोटोत ते गोंधळतं.

जुना_खडू
गोंधळतं ते मागच्या भिंतीत, एकाऐवजी दोन खिडक्या काढेल. चेहऱ्यासाठी मात्र हे उलटं पडेल. समजा फोटो 1085 रुंद आहे आणि चेहरा 200 पिक्सेलचा, तर त्याला आडवे 25 ठिपके मिळतात. 512 केलास की तेच बारावर येतं, मग नाक सापडलं तरी नशीब.

खटपट्या
अरे देवा. सॅम्पलर काढला तरी पापण्या गेल्या! म्हणजे दोन रात्री मी मास्कच पुन्हापुन्हा रंगवत बसलो होतो. आता यावर उपाय?

जुना_खडू
ImageCompositeMasked नावाचा नोड घे. destination ला मूळ फोटो, source ला डिकोड झालेलं चित्र, आणि mask ला तोच मास्क जो रंगवलायस. म्हणजे मास्कमधला भाग नवीन, बाकी सगळे पिक्सेल मूळ फोटोतून जसेच्या तसे. हा नोड नुसती चिकटवाचिकटवी करतो, त्यामुळे चेहऱ्याचं काही बिघडायचा प्रश्नच नाही.

चष्मेबद्दूर
म्हणूनच मी म्हणतो ऑटोमॅटिक 1111 वापरा. तिथे मूळ फोटो वरून परत चिकटवण्याचं काम आपोआप होतं. चेहऱ्यावर मास्क रंगवायचा, Inpaint not masked निवडायचं, संपलं. तारा जोडत बसायला आपण काय वायरमन आहोत?

रानवारा
आपोआप होतं तोवर बरंच असतं, पण नाही झालं की कुठे बघायचं तेच कळत नाही.

चष्मेबद्दूर
तुम्हाला बघायचंय का फोटो हवाय?

खटपट्या
भांडू नका हो, माझं अजून झालेलं नाही. जोडला तो नोड. पापण्या परत आल्या, एकदम मूळ! पण आता हनुवटीखाली दुहेरी रेघ दिसतेय आणि कानाजवळ भिंतीची कड सरकल्यासारखी वाटते. मास्क नीट रंगवलाय मी.

जुना_खडू
फोटोची नेमकी साइज सांग. रानवाराने कधीच विचारली होती.

खटपट्या
1085 बाय 1450. तू वर 1085 बरोबर कसं ओळखलंस?

जुना_खडू
योगायोग रे, उदाहरणासाठी काहीतरी विषम आकडा घेतला होता. पण घोळ त्यातच आहे. कम्फीला 8 ने भाग जाणारा आकडा लागतो, म्हणून VAE Encode न सांगता दोन्ही बाजूंनी कापतो. 1085 चे 1080 झाले, 5 उरले, त्यातले 2 डावीकडून गेले. 1450 चे 1448 झाले, 2 उरले, त्यातला 1 वरून गेला. म्हणजे नवीन चित्र मूळ फोटोवर 2 पिक्सेल डावीकडे आणि 1 पिक्सेल वर बसतंय, ती तुझी दुहेरी रेघ. कंपोझिटमध्ये x ला 2 आणि y ला 1 टाकून भागेलही, पण त्यापेक्षा फोटो आधीच 1080 बाय 1448 कापून सेव्ह कर, मग लोड कर, आणि मास्क त्याच्यावर नव्याने रंगव. पुढच्या फोटोला परत बेरीज-वजाबाकी नको.

आणि मास्क हनुवटीला भिडवू नकोस, कॉलरपाशी थांब. मानेची कातडी नवीन आणि चेहऱ्याची जुनी असली की रंगाची सीमा लगेच दिसते.

रानवारा
कड मऊ करायची असेल तर FeatherMask घेऊ नका, मी त्यात एक संध्याकाळ घालवली. तो चित्राच्या चार कडांकडून मऊ करतो, तुम्ही रंगवलेल्या आकाराच्या कडेने नाही. मास्कची इमेज करून ImageBlur द्या आणि परत मास्क करा. तो ब्लर केलेला मास्क फक्त कंपोझिटला लावा.

निवांत_पक्षी
तरी डीनॉइज कमी ठेवायला हवंच.

जुना_खडू
ते एन्कोड कुठला घेतलाय त्यावर आहे. ज्याच्या नावात for Inpainting आहे तो मास्कखालचा शर्ट पुसून करडा करतो, त्याला डीनॉइज 1 च लागतं, कमी केलंस तर करड्याचे डाग राहतात. शर्टाच्या घड्या ठेवून फक्त कापड बदलायचं असेल तर साधा VAE Encode आणि Set Latent Noise Mask, मग 0.6 च्या आसपास. खटपट्याला चौकड्या घालवायच्यात, त्याने पहिलाच घ्यावा.

खटपट्या
झालं! रेघ गेली. जिंपमध्ये मूळ फोटोवर नवीन ठेवून डिफरन्स मोड लावला, चेहरा ठार काळा आला, लेव्हल्स ओढल्या तरी काहीच उजळलं नाही. आधीच्यात डोळ्यांभोवती चक्क रांगोळी दिसत होती.

पण आता केसांच्या कडेला जुन्या भिंतीचा पिवळट रंग दिसतोय, आणि चेहऱ्यावर उजेड डावीकडून, नवीन भिंतीवर उजवीकडून. हे?

जुना_खडू
उजेडाचं प्रॉम्प्टमध्येच लिही, डावीकडून खिडकीचा प्रकाश वगैरे, सात-आठ सीडमध्ये एखादं जमतं. चेहरा जसाच्या तसा हवा म्हटल्यावर भिंतीनेच चेहऱ्याचं ऐकायचं. केसांसाठी मास्क दोन-चार पिक्सेल केसांच्या आत घे.

मधुरा_म
केस आत घेतले तर माझे सगळे कुरळे केस सरळ होऊन आले होते, सांगून ठेवते.

खटपट्या
माझेही झाले आत्ता. आधीच कपाळावर कमी आहेत.